आकडा वाचण्याआधी ग्रॅम बघा

शिक्षक मित्रहो, पोषणाचा तक्ता मुलांच्या हातात दिला की त्यांची नजर थेट साखरेच्या नाहीतर मिठाच्या आकड्यावर जाते. गडबड तिथंच होते. तो आकडा किती ग्रॅमचा, हे आधी शोधायला लावा. तक्त्यात बहुधा दोन रकाने असतात: एक १०० ग्रॅमचा, दुसरा एका सर्व्हिंगचा, म्हणजे कंपनीनं एका वेळच्या खाण्याचं म्हणून धरलेल्या वजनाचा. आणि ते सर्व्हिंग म्हणजे बहुतेकदा अख्खं पाकीट नसतं.

सुपरमार्केटमधली न फोडलेली पाकिटं आणा आणि चौघांच्या गटाला एकेक द्या. समजा, एका गटाला चिप्स मिळाले. निव्वळ वजन ९० ग्रॅम, सर्व्हिंग ३० ग्रॅमचं, त्यात सोडियम २४० मिलिग्रॅम. हे वहीत उतरवल्यावरच पाकीट फोडायचं. मग एकानं एरवी खातो तेवढे चिप्स वाडग्यात काढायचे आणि काट्यावर तोलायचे. वाडग्याचं वजन वजा करायला मुलं हमखास विसरतात, तेवढं बघा. चिप्स ४५ ग्रॅम भरले, तर ते झालं दीड सर्व्हिंग, म्हणजे सोडियम ३६० मिलिग्रॅम. अख्ख्या पाकिटात ७२०.

पण ७२० मिलिग्रॅम म्हणजे किती, हे मुलांना उमगत नाही. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ मिळतं: १८०० मिलिग्रॅम, म्हणजे १.८ ग्रॅम. चहाच्या चमच्याचा साधारण तिसरा हिस्सा. तेवढं मीठ कागदावर काढून दाखवा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाटा एका पाकिटात संपला.

आता दोन गटांची पाकिटं शेजारी ठेवा. एकाचं सर्व्हिंग २५ ग्रॅमचं, सोडियम २२५ मिलिग्रॅम. दुसऱ्याचं ४० ग्रॅमचं, सोडियम २८०. कमी खारट कुठलं? वर्ग पहिल्याकडे बोट दाखवतो. १०० ग्रॅमला मात्र पहिल्यात ९०० आणि दुसऱ्यात ७०० निघतं. हा क्षण घाईनं उरकू नका, मुलांना स्वतः गणित करू द्या. दोन पाकिटांची तुलना नेहमी १०० ग्रॅमच्या रकान्यावरून, आणि आपण किती खाल्लं हे काट्यावरच्या वजनावरून.

पाण्यात कालवून प्यायच्या पावडरीला मात्र ही तुलना जशीच्या तशी लागू पडत नाही. १०० ग्रॅम पावडर एका वेळी कुणी पीत नाही. तिथं तयार पेल्यात किती पावडर पडते, ते धरायचं.

एक गोष्ट मी आग्रहानं सांगेन. या तासाला कुणाचं वजन विचारू नका, कोण घरी काय खातं हे विचारू नका आणि वाडगा भरणाऱ्याला कुणी हसणार नाही याची काळजी घ्या. या वयात खाण्यावरून केलेला एक शेरासुद्धा मुलांना फार लागतो. चिप्स काढायला स्वतःहून पुढे येईल त्यालाच सांगा, आणि फळ्यावर मुलाचं नाव न लिहिता पाकिटाचं लिहा.