गुलाबाचा वास आणि बांगड्याचं तिखट
(रत्नागिरीतील एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

रसिकहो, विषय मस्कॅट द्राक्षाचा आहे हे कळल्यावर आमच्या शेजारच्या काकांनी विचारलं, "मस्कतला द्राक्षं कधीपासून पिकायला लागली?" आपल्याकडची निम्मी माणसं मस्कतला जाऊन आलेली, तेव्हा प्रश्न रास्तच. पण या द्राक्षाचं घर भूमध्य समुद्राच्या काठी. इटलीत त्याला मोस्कातो म्हणतात. त्याच वासाची दुसरी मोठी जात म्हणजे गेवुर्त्झट्रामिनर. फ्रान्सच्या अल्सास भागात ती खूप होते. तिची साल गुलाबीसर असते, वाईन मात्र पांढरीच. दोन्हींच्या पेल्यात नाक घातलं की पहिल्यांदा गुलाब येतो, मागून लिची.

आता हा गुलाब द्राक्षात शिरला कसा? मी आयुष्यभर अत्तरांच्या आणि स्वादाच्या धंद्यात काढलं, म्हणून आधी एक जुनी गोष्ट सांगतो. खानदेशात रोशा गवत होतं. त्याचं तेल एके काळी मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जायचं, आणि तिथं ते गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं. गवताची भेसळ गुलाबात खपायची, कारण दोन्हींत जेरेनिऑल नावाचा एकच पदार्थ भरपूर असतो. मस्कॅटमध्येही तोच आहे. सोबत लिनालूल आहे, जे आपल्या धण्याच्या वासाचा कणा आहे. म्हणजे मस्कॅट गुलाबाची नक्कल करत नाही, गुलाब ज्या मालावर चालतो तोच माल त्याच्याकडेही आहे.

हा माल प्रत्येक द्राक्षात थोडा असतो. आपलं सांगली-नाशिकचं थॉमसन हुंगून बघा, हाताला काही लागणार नाही. मस्कॅटमध्ये तो ओसंडून वाहतो, कारण हे सुगंधी रेणू बनवण्याच्या साखळीतल्या पहिल्याच टप्प्यावरच्या एका प्रथिनात एका जागी बदल झाला आहे. नळ अर्धा उघडायच्या ऐवजी पुरता उघडा राहिला, असं समजा. तमिळनाडूच्या कंबम खोऱ्यातलं काळं द्राक्षही मस्कॅटच्याच गोतातलं. तिथं त्याला 'पन्नीर' द्राक्ष म्हणतात, आणि तमिळमध्ये पन्नीर म्हणजे गुलाबपाणी. नाव ठेवणाऱ्याचं नाक तयार होतं.

लिचीचं कोडं जरा वेगळं आहे. तिथला मुख्य पदार्थ म्हणजे रोझ ऑक्साईड. गुलाबाच्या तेलातही तो अगदी किंचित असतो, पण नाकाला तो अतिसूक्ष्म मात्रेतही कळतो. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात ताज्या लिचीचा आणि गेवुर्त्झट्रामिनरचा वास शेजारी शेजारी तपासला, तेव्हा दोन्हींत हाच सापडला. वाईनवाले 'लिची, लिची' करतात ती नुसती कविकल्पना नाही.

आणखी एक गोष्ट घरी करून बघण्यासारखी आहे. या सुगंधाचा बराच भाग सालीत आणि सालीलगतच्या गरात असतो, आणि त्यातलाही मोठा वाटा साखरेच्या रेणूला बांधलेला असतो. बांधलेला वास नाकाला येत नाही. तो हळूहळू सुटतो. म्हणून असं द्राक्ष गिळू नका, साल चावत राहा. मोकळा झालेला वास मात्र टिकत नाही. बाटलीत वर्षं गेली की लिनालूलचं रूपांतर होतं आणि गुलाबाच्या जागी देवदारासारखा बोथट वास येतो. आपल्या कोकणात मे महिन्यात कपाटात ठेवलेली बाटली हे काम आणखी लवकर करते. तेव्हा ही वाईन जपून ठेवायची नसते. ताजी आणावी, फ्रिजमध्ये ठेवावी आणि संपवावी.

आता जेवणाकडे. जगभर सांगतात की भारतीय तिखटाबरोबर गेवुर्त्झट्रामिनर द्यावी. मीही ते ऐकलं आणि तोंडघशी पडलो. घरी पाहुणे होते. तिरफळ घालून बांगड्याचं आमसुलाचं कालवण, मालवणी मसाला सढळ हाताने. सोबत १४ टक्के अल्कोहोलची कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, गेवुर्त्झट्रामिनर. पहिला घोट रिकाम्या तोंडाने घेतला, तेव्हा सगळे "वा!" म्हणाले. कालवणाचा घास घेऊन दुसरा घोट घेतला आणि आमच्या मेव्हण्यांनी तांब्या उचलला. गुलाब कुठेच नव्हता. होती ती आग आणि जिभेच्या मुळाशी कडवटपणा.

चूक वासात नव्हती, अल्कोहोलात होती. जिभेवर उष्णता ओळखणारी एक दारं असलेली यंत्रणा आहे. एरवी ती साधारण ४२ अंशांना उघडते. मिरचीतलं कॅप्सेसिन तिलाच फसवतं, म्हणून तिखट 'भाजतं'. अल्कोहोल याच दाराची कडी सैल करतं आणि ते ३४ अंशांच्या आसपासच उघडायला लागतं. आपलं तोंड तर ३७ अंशांचं! म्हणजे चढी वाईन मिरचीला मदतच करते. कडवटपणा सालीतून येतो. सुगंधासाठी साल रसात जास्त वेळ ठेवली की तोही उतरतो, आणि तिखटावर तो उठून दिसतो.

पुढच्या खेपेला तेच कालवण केलं, आणि पिएमोंटची मोस्कातो दास्ती आणली. अल्कोहोल साधारण ५ टक्के, लिटरमागे १०० ग्रॅमच्या वर साखर, हलकासा फेस. गोडाने तिखट दबलं आणि गुलाब घासानंतरही परत आला. मात्र एक फजिती राहिलीच. आमसूल जास्त पडलं होतं. पदार्थ आंबट असला की वाईनचा आंबटपणा जिभेला कळेनासा होतो, आणि ती नुसती सरबतासारखी चिकट लागते. त्यानंतर मी आमसुलाच्या पाकळ्या निम्म्या करतो, किंवा सरळ तव्यावरची सुरमई पुढे ठेवतो. सुरमईला तिखट-हळद-मीठ असतं, रवा कुरकुरीत असतो, आणि पाणचट आंबट रस नसतो. तिच्याशी या वाईनचं सर्वांत छान जमतं. तिरफळाने जीभ थोडी बधिर होते, तेवढं लक्षात असू द्या.

थंडपणाबद्दल सांगायचं तर ६ ते ८ अंश पुरे. फ्रिज बहुतेक ४ अंशांच्या आसपास असतो. तिथून काढल्याकाढल्या ओतली की थंडीने वास बसलेला असतो आणि पाहुणे म्हणतात, "गुलाब कुठाय?" दहा मिनिटं टेबलावर ठेवा. पण पेला मात्र थोडाच भरा, दोन-तीन घोटांचा. आपल्या दमट हवेत भरलेला पेला बघता बघता कोमट होतो, आणि कोमट मोस्कातोत अल्कोहोल व गोड दोन्ही अंगावर येतात. फ्रिजची सोय नसेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर जाडं मीठ. नुसत्या बर्फापेक्षा हे फार लवकर गार करतं, कारण पाणी बाटलीला सगळीकडून चिकटतं.

आणि पहिला घोट जेवणाआधी घ्या. मिरचीनंतर नाक वाहतं, जीभ हुळहुळते. त्या अवस्थेत रोझ ऑक्साईड शोधणं म्हणजे शिमग्याच्या ढोलात बासरी ऐकणं.

एका ताईंनी मघाशी विचारलं, सोलकढीच्या जोडीला कोणती द्यावी? कोणतीही नको. सोलकढीतल्या नारळाच्या दुधातली चरबी कॅप्सेसिनला धरून नेते. पाण्याला ते जमत नाही आणि मोस्कातोलाही नाही. ते काम सोलकढी आधीच करते आहे. त्यामुळे वाईन जेवणाआधी आणि सुरमईबरोबर, भात आला की वाटी सोलकढीची.