बुटाच्या लिस्टिंगमधले सेंटीमीटर नेमके कशाचे?

हे बघा, माझ्या हातात यूके ८ नंबरचा लेदरचा बूट आहे. याच्या लिस्टिंगमध्ये मी सुरुवातीला लिहिलं होतं "लांबी २९.५ सेमी", आणि दर आठवड्याला रिटर्न यायलेत, सगळ्यांचं एकच म्हणणं, बोटं दाबायलीत. चूक माझीच होती, मी टेप बाहेरून सोलला लावला होता.

आता आतली सुकतळी बाहेर काढून मोजू. ही भरली २७.९. पण पाय काय सुकतळीएवढा नसतो ना, चालताना पुढं सरकतो, म्हणून बोटांपुढं साधारण सव्वा सेंटीमीटर मोकळं लागतं. म्हणजे हा बूट ज्याचा पाय २६.७ पर्यंत आहे त्याचा. गिऱ्हाईक स्वतःचा पाय मोजतं, त्यामुळं लिस्टिंगमध्ये पायाचाच आकडा द्यायचा आणि "पायाची लांबी" असं स्पष्ट लिहायचं.

पाय मोजायचा कसा तेही दोन ओळीत टाका. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहायचं, बसून नाही, सगळ्यात लांब बोटापाशी खूण करायची, दोन्ही पाय मोजून मोठा धरायचा.

मग नंबर. यूकेचा एक नंबर वाढला की बूट ज्यावर बनतो तो साचा लांबीला इंचाचा तिसरा हिस्सा वाढतो, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास, आणि युरोपचा नंबर पावणेसात मिलिमीटरच्या जवळपास वाढतो. पायऱ्याच सारख्या नाहीत तर तक्ते जुळणार कुठून, म्हणून एका कंपनीत ईयू ४२ म्हणजे यूके साडेसात आणि दुसरीत आठ. नेटवरचा कुठलाही तक्ता उचलून चिटकवू नका, त्याच कंपनीचा घ्या. यूएस लिहिताना पुरुष की बायकांचा ते लिहाच, पुरुषांचा बहुतेक वेळा यूकेपेक्षा एकनं जास्त असतो, बायकांचा दोननं.

आता पंजा, आणि आपल्याकडं खरी अडचण इथंच आहे. लहानपणापासून अनवाणी नाहीतर चपलेत वावरलेल्या माणसाचा पंजा बऱ्याचदा पसरट असतो, लातूरच्या दुकानात मी रोज बघतो, लांबी बरोबर असते आणि करंगळी घासते. अशावेळी बरेच जण लिहितात "एक नंबर मोठा घ्या". त्यानं पंजाला थोडीच जागा मिळते पण लांबी साडेआठ मिलिमीटर वाढते, मग टाच निसटते आणि तेही रिटर्न येतं. त्यापेक्षा खरं लिहा की बूट अरुंद आहे, लेदर आहे की सिंथेटिक, कारण लेदर वापरून थोडं सैल पडतं, सिंथेटिक फारसं पडत नाही.

माझं आत्ताचं लिस्टिंग असं आहे:

"यूके ८, ईयू ४२, यूएस पुरुष ९. पायाची लांबी २६.७ सेमी पर्यंत. पंजा मध्यम, पुढचा भाग निमुळता. पसरट पंजा असेल तर हे मॉडेल घेऊ नका, गोल तोंडाचं बघा."

शेवटची ओळ लिहिताना हात अडखळतो, गिऱ्हाईक जाईल वाटतं. पण त्याला हा बूट बसणारच नव्हता.