तिसऱ्या वर्षी मित्राच्या शेजारी बसताना

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय फार भारदस्त छापलाय. मला बोलायचंय ते साधं आहे. आपला मित्र तिसऱ्या वर्षी त्याच स्पर्धा परीक्षेला बसतोय, तर आपण त्याच्याशी कसं वागायचं? कीव करायची नाही आणि 'यंदा तूच!' अशा आरोळ्याही ठोकायच्या नाहीत. यावर तीन गोष्टी सांगेन असं मी आयोजकांना कबूल केलंय. पण आधी थोडी कुरकूर करून घेतो, कारण इतकं ऐकून घेणारी माणसं मला घरी मिळत नाहीत.

पहिल्या वर्षी लोक विचारतात, 'काय काय वाचतोस?' दुसऱ्या वर्षी विचारतात, 'किती मार्कांनी गेलं?' तिसऱ्या वर्षी काहीच विचारत नाहीत, नुसता खांद्यावर हात ठेवतात. तो हात फार जड असतो. दुसरी जात मेसेजवाल्यांची. पहाटे साडेपाचला उगवत्या सूर्याचं चित्र आणि खाली 'हार मानू नकोस'. अहो, त्यानं हार मानली असती तर साडेपाचला उठून तो तुमचा मेसेज कशाला वाचत बसला असता? (हशा) हसू नका, तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी आज सकाळी तो पाठवलेला असणार.

ही माझी एकट्याची चिडचिड नाही. नायल बोल्जर नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. वकिलीच्या परवान्याची परीक्षा देणारे उमेदवार आणि त्यांचे जोडीदार, दोघांनीही रोज वेगवेगळी नोंद ठेवायची, असं जवळजवळ महिनाभर चाललं. आज मी आधार दिला का, हे जोडीदारानं लिहायचं. आज मला आधार मिळाला का, हे उमेदवारानं. जोडीदार म्हणतो 'दिला' आणि उमेदवाराच्या वहीत त्याचा पत्ताच नाही, अशा वेळी उमेदवाराची उदासी कमी दिसली. आधार दिल्याचं जिथं उमेदवाराला जाणवलं होतं, तिथं तसा फायदा दिसला नाही, उलट उदासी थोडी वाढलेलीच दिसली. आता कुणी म्हणेल, ज्याचा दिवस वाईट जातो त्यालाच लोक उघड धीर देतात, म्हणून आकडे तसे आले असतील. शंका रास्त आहे, आणि अशा नोंदींवरून ती पूर्ण फिटतही नाही. तरी मला त्यातलं कारण पटतं. उघड धीर दिला की समोरच्याला कळतं, आपण धीर देण्याजोगे दिसतोय.

मग न दिसणारा आधार द्यायचा कसा? ही माझी पहिली गोष्ट, आणि ती जरा सविस्तर सांगतो. माझा एक मित्र दोनदा पूर्वपरीक्षेत अडकला होता. मी त्याला म्हटलं, 'अरे, तुझी प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका घेऊन बस, मला तुझं गणित बघायचंय.' धीर, आशा, नशीब यातला एकही शब्द नाही. प्रश्न १००, प्रत्येकाला एक गुण, चार पर्याय, चुकलं की एक तृतीयांश गुण वजा. त्यानं ८८ सोडवले होते. ५२ बरोबर, ३६ चूक. म्हणजे ५२ उणे १२, हातात ४०. कटऑफ ४७ चा. त्याचं स्वतःचं निदान तयार होतं: 'वाचन कमी पडलं, आणखी दोन पुस्तकं घेतो.'

आम्ही त्या ३६ चुकांच्या राशी लावल्या. कधी वाचलंच नव्हतं आणि डोळे मिटून खूण केली, असे १९. दोन पर्याय खोडले, उरलेल्या दोनांत चुकीचा निवडला, असे ११. आणि राहिलेले सहा? ते त्याला येत होते! प्रश्नात 'अयोग्य विधान निवडा' असं होतं आणि यानं योग्य निवडलं, किंवा 'फक्त' हा शब्द डोळ्यांखालून निसटला. असला प्रश्न चुकला की मिळणारा एक गुण जातो आणि वर एक तृतीयांश दंड. सहांचे मिळून आठ गुण. चाळीस अधिक आठ, अठ्ठेचाळीस! दोन नव्या पुस्तकांच्या आधी पेन्सिलीनं 'अयोग्य'भोवती गोल करायची सवय लावायला हवी होती.

लोक सल्ला देतात, 'अंदाज मारू नकोस.' हाही अर्धवट सल्ला. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील तर चारात एकदा एक गुण मिळतो आणि तीनदा मिळून एक गुण जातो, हिशोब शून्य. म्हणजे ते १९ चुकले तरी, डोळे मिटून बरोबर लागलेलेही धरले तर सरासरीनं फारसं बिघडत नाही, वेळ मात्र जातो. दोन पर्याय खात्रीनं खोडता आले तर दर प्रश्नामागे सरासरी एक तृतीयांश गुणाचा फायदाच होतो. ते ११ चुकले म्हणून तो हळहळत होता, पण तसेच खोडून बरोबर आलेले प्रश्न त्यानं मोजलेच नव्हते. अट एकच, खोडलेलं खरंच खोडण्याजोगं हवं. ते तपासायला सराव पेपरात अशा प्रश्नांपुढे टिंब द्यायचं आणि नंतर मोजायचं. निम्म्याच्या आसपास बरोबर येत असतील तर ठीक. पावाच्याही खाली गेले, तर खोडण्यातच गफलत आहे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतात. त्यात पाच माझी आधीच संपली असावीत.

दुसरी गोष्ट उरकतो. तिसऱ्या वर्षी सगळं ओळखीचं वाटतं, तोच धोका. पान उघडलं की 'हे येतंय' असं वाटतं, पण पान मिटल्यावर आठवेलच असं नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं: पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर, वाचून झाल्यावर पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. इथं मित्राचं काम निघतं. आठवड्यातून ठरलेल्या वारी वीस मिनिटं फोन, त्याच्याच नोंदींतून दहा प्रश्न, त्यानं न बघता उत्तर द्यायचं. चुकलेले पुढच्या आठवड्यात परत. 'कसा आहेस?' हे फोनच्या शेवटी, आणि उत्तर 'ठीक' आलं तर उकरायचं नाही. मात्र झोप उडालीये, जेवण सुटलंय, 'माझ्या असण्याचा काय उपयोग' अशी भाषा येतेय, तर प्रश्नांची वही मिटा, सरळ विचारा आणि डॉक्टरांकडे त्याच्यासोबत जा. तिथं आधार लपवायचा नाही.

तिसरी, सगळ्यात अवघड: पुढच्या वर्षीचं काय? हे बोलायचं, पण परीक्षेच्या तोंडावर नाही आणि निकालाच्या संध्याकाळीही नाही. तयारीच्या सुरुवातीलाच तारीख ठरवा, निकालानंतर पंधरा दिवसांनी वगैरे. किती वर्षं, किती पैसे, किती गुणांनी राहिलं तर थांबायचं, हे आकडे त्यानं स्वतः लिहावेत. आपण फक्त तो कागद जपायचा. तारखेच्या आधी विषय निघाला तर म्हणायचं, 'ते त्या दिवशी बघू, आज सातवा प्रश्न राहिलाय.'

अध्यक्ष उभे राहिलेत, तेव्हा प्रश्नोत्तरं बाहेर उभ्यानंच होतील. ज्यांच्याकडे सरावाच्या उत्तरपत्रिका असतील त्यांनी त्या घेऊन या, पेन्सिल माझ्याकडे आहे.