‘युद्ध भडकलं’ म्हणजे कुणी भडकवलं?

नमस्कार श्रोतेहो. शाळेत असताना एका धड्याने मला चांगलंच रडवलं होतं. धडा होता पहिल्या महायुद्धाच्या कारणांचा. चार वेळा वाचला, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या, तरी पुस्तक मिटलं की हाती उरायचं एवढंच: साराजेव्होत एका राजपुत्राचा खून झाला, तणाव वाढला, ठिणगी पडली आणि युद्ध भडकलं.

शेवटी मी वर्गातल्या मैत्रिणीला म्हटलं, “मी हा धडा तुला बोलून सांगते, तू ऐक.” तिने अट घातली, की जिथे कळणार नाही तिथे ती मला थांबवणार. आम्ही एक वही घेतली. डाव्या पानावर तिचे प्रश्न, उजवं पान उत्तरांसाठी कोरं. पहिल्या दिवशी प्रश्नही मीच लिहून घेत होते, आणि तीच चूक झाली. ती विचारायची एक आणि मी लिहायचे मला जमेल असं दुसरंच. म्हणून दुसऱ्या दिवसापासून वही तिच्याकडे गेली. प्रश्न तिच्याच शब्दांत, जसा तोंडून निघाला तसा. पुस्तक मिटलेलं. आणि एका बैठकीत तीन-चार पानंच, कारण त्यापुढे ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं आणि तो नुसतं “हं, हं” करायला लागतो.

मी सुरुवात केली. “28 जून 1914 ला साराजेव्होत ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना गाव्ह्रिलो प्रिन्सिप या सर्बियन तरुणाने गोळ्या घातल्या. त्यामुळे तणाव वाढला आणि 28 जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं.”

तिने हात वर केला. “अगं, 28 जून ते 28 जुलै. मधला अख्खा महिना काय चाललं होतं?”

मी म्हटलं, “तणाव वाढत होता.”

“तो आपोआप वाढतो का? कोण वाढवत होतं?”

श्रोतेहो, इथे माझी बोलती बंद झाली. तणाव वाढला, ठिणगी पडली, युद्ध भडकलं. या वाक्यांमध्ये माणूसच नाही. नुसतं वाचताना ती गुळगुळीत वाटतात, डोळा त्यांच्यावरून घसरत जातो. पण समोर बसलेला माणूस “कोण?” एवढंच विचारतो, आणि आपल्याला उत्तर माहीत नाही हे उघडं पडतं. धड्यात मी अडत होते ती नेमकी याच वाक्यांपाशी.

मग आम्ही त्या महिन्याच्या मागे लागलो. पाठ्यपुस्तकात दोनच ओळी होत्या, म्हणून वाचनालयातला जाड ग्रंथ काढला. त्यात माणसं सापडली. जुलैच्या सुरुवातीला जर्मनीने ऑस्ट्रियाला शब्द दिला होता, की काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत. हंगेरीचे पंतप्रधान टिसा मात्र लगेच हल्ला करायला तयार नव्हते, त्यांचं मन वळवण्यात जुलैचा मध्य उजाडला. बरेच सैनिक पिकांच्या कापणीसाठी रजेवर होते. शिवाय फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष तेव्हा रशियाच्या भेटीला गेले होते. ते तिथे असताना खलिता धाडला तर दोघे समोरासमोर बसून सल्लामसलत करतील, म्हणून ऑस्ट्रियाने ते निघण्याची वाट पाहिली. 23 जुलैच्या संध्याकाळी सर्बियाला निर्वाणीचा खलिता मिळाला. मुदत 48 तासांची. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या, पण आपल्या भूमीवरच्या तपासात ऑस्ट्रियाचे अधिकारी बसवायला नकार दिला. ‘तणाव वाढला’ या दोन शब्दांच्या पोटात एवढं सगळं होतं.

सर्बियाच्या पाठीशी रशिया उभा राहिला आणि ऑस्ट्रियाच्या पाठीशी जर्मनी. म्हणून दुसरा प्रश्न तिने असा लिहिला होता: “जर्मनीचं भांडण रशियाशी, मग सैन्य बेल्जियममध्ये कशाला?” वर्गात कुणी विचारला असता तर हसू झालं असतं. पण तो किती अचूक आहे बघा! नकाशावर रशिया जर्मनीच्या पूर्वेला आणि बेल्जियम पश्चिमेला. उत्तर जर्मनीच्या आधीच ठरलेल्या लष्करी योजनेत होतं. रशिया आणि फ्रान्स यांचा आपसात करार होता, त्यामुळे एकाशी युद्ध म्हणजे दोघांशी युद्ध, असं जर्मन सेनापती धरूनच चालले होते. रशियाचा पसारा मोठा, त्याच्या सैन्याच्या जमवाजमवीला वेळ लागणार. तेवढ्यात साधारण सहा आठवड्यांत फ्रान्सला हरवायचं आणि मग आगगाड्यांनी सैन्य पूर्वेला वळवायचं, असा हिशेब होता. फ्रान्सच्या सरहद्दीवर भक्कम किल्ले होते, म्हणून वाट बेल्जियममधून. आणि बेल्जियमच्या तटस्थतेची हमी 1839 च्या करारात ब्रिटननेही दिलेली होती. म्हणून 4 ऑगस्टला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरलं आणि त्याच दिवशी ब्रिटन युद्धात उतरलं. ब्रिटनची इतरही कारणं होती, पण निमित्त हे. पाठ करायच्या म्हणून वेगवेगळ्या पडलेल्या तारखा त्या एका प्रश्नाने मला ओळीने लागल्या.

तिसरा प्रश्न अगदी छोटा होता: “प्रिन्सिप कुठला?” मी ठामपणे सांगितलं, “सर्बियाचा.” पुस्तक उघडलं तर तो बोस्नियातला सर्ब, म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीचाच प्रजाजन! मग दोष सर्बियावर का आला? कारण कटवाल्यांना शस्त्रं सर्बियातून मिळाली होती आणि सरहद्द ओलांडून ते तिथूनच आले होते. ठामपणे दिलेल्या चुकीच्या उत्तरांवर आम्ही वहीत फुली मारायचो. अशी उत्तरं अडखळलेल्या उत्तरांपेक्षा धोक्याची, कारण ती तपासावीत असं आपल्याला वाटतच नाही.

आता या पद्धतीची एक खोट. मी म्हटलं होतं, “जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटली यांचा करार होता, म्हणून ते तिघं एका बाजूने लढले.” मैत्रिणीने मान डोलावली. तिनेही धडा घाईतच वाचला होता आणि तिचाही तोच समज होता. वहीत काहीच लिहिलं गेलं नाही आणि परीक्षेत आम्ही दोघींनी तेच लिहिलं. खरं तर इटली 1914 मध्ये तटस्थ राहिला. करार बचावासाठी आहे आणि ऑस्ट्रियाने स्वतःहून युद्ध पुकारलंय, असं त्याचं म्हणणं होतं. 1915 मध्ये तो उतरला तो विरुद्ध बाजूने. तेव्हापासून आम्ही बोलणं संपलं की पुस्तक उघडून आधी तीच वाक्यं तपासायचो, ज्यांच्यावर एकही प्रश्न आलेला नसायचा. आणि जमेल तेव्हा धडा अजिबात न वाचलेली व्यक्ती ऐकायला बसवायचो. ज्याने वाचलेलं असतं तो आपल्या बोलण्यातल्या फटी स्वतःच्या मनाने बुजवून टाकतो.

तारखांच्या याद्या मात्र याने पाठ होत नाहीत. त्या लिहूनच काढाव्या लागतात.

दोन दिवसांनी पाळी बदलली. ती सांगणार, मी ऐकणार, वही माझ्याकडे. तिने सगळं झरझर सांगितलं, अगदी किल्ले आणि आगगाड्यांसकट. “आणि मग जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरलं,” म्हणून ती थांबली.

मी लिहिलं: “बेल्जियमला कुणी विचारलं का?”

ती गप्प. मग पुस्तक उघडलं. त्यात एक ओळही नव्हती. वाचनालयाच्या त्या ग्रंथात सापडलं: 2 ऑगस्टच्या संध्याकाळी जर्मनीने बेल्जियमकडे वाट मागितली, उत्तरासाठी 12 तास दिले, आणि 3 तारखेच्या सकाळी बेल्जियमने नाही म्हणून कळवलं. उजवं पान भरलं होतं, म्हणून मैत्रिणीने ते समासात आडवं लिहिलं.

नमस्कार.