दवबिंदू पाहून वेग ठरवा

रविवारी पहाटे आपल्यापैकी बरेच जण मुंबईत हाफ मॅरेथॉन धावणार आहेत. ऑक्टोबर आहे. पाऊस गेला, पण हवेतला ओलावा गेलेला नाही. कालपासून सगळे मला एकच विचारताहेत, "सर, आर्द्रता किती असेल?" माझं म्हणणं आहे, आर्द्रतेची टक्केवारी बाजूला ठेवा आणि हवामानाच्या ॲपमध्ये दवबिंदू बघा.

डिसेंबरात पुण्यात पहाटे पाचला 90 टक्के आर्द्रता असते, आणि धावताना मजा येते. मुंबईत आज तेवढीच आर्द्रता असली तरी दोन किलोमीटरांत बनियन पिळून निघतं. टक्केवारी सारखी, पण पुण्यात दवबिंदू 12 असतो आणि इथे 24. दवबिंदू म्हणजे हवा ज्या तापमानाला थंड केली की दव पडायला लागेल ते तापमान. हवेत प्रत्यक्ष बाष्प किती आहे ते त्यावरून कळतं. हवेत बाष्प जितकं जास्त, तितका घाम सावकाश वाळतो, आणि अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. कोपरावरून टपटप गळणाऱ्या घामाने काहीही थंड होत नाही, ते पाणी फुकट गेलं. ऊन वर आलं की टक्केवारी उतरते आणि लोकांना हायसं वाटतं. दवबिंदू मात्र साधारण तिथेच असतो आणि तापमान वाढलेलं असतं, म्हणजे खरं तर धावणं अवघड झालेलं असतं.

धावपटूंमध्ये एक ठोकताळा चालतो. तापमान आणि दवबिंदू यांची बेरीज करायची. मूळ तक्ता फॅरनहाइटमध्ये आहे, मी तो सेल्सिअसमध्ये बसवून घेतलाय. बेरीज 20 पर्यंत असेल तर वेग बदलायचा नाही. 37 ते 42 असेल तर दोन ते तीन टक्के हळू. 48 ते 53 असेल तर साडेचार ते सहा टक्के. 64 च्या वर गेली तर जोरात धावायचंच नाही.

आता रविवारचं बघू. अंदाज आहे तापमान 27, दवबिंदू 24. बेरीज 51, म्हणजे साधारण पाच टक्के. समजा तुमची तयारी दोन तासांची आहे, म्हणजे किलोमीटरला 5 मिनिटं 41 सेकंद. त्यात 17 सेकंद वाढवा: 5:58. शेवट दोन तास सहा मिनिटांच्या आसपास येईल. हा वेग पहिल्या किलोमीटरपासून धरायचा. "सुरुवातीला जमतंय तोवर धावू, मग बघू" हे उष्म्यात चालत नाही. मी स्वतः एकदा पहिले सात किलोमीटर ठरलेल्या जुन्या वेगाने काढले. श्वास ठीक होता, पाय हलके होते, पण घड्याळात हृदयाचे ठोके दर किलोमीटरला चढत होते. चौदाव्याला चालायला लागलो. उष्णता साठत जाते, आणि साठलेली उष्णता धावता धावता उतरत नाही. तक्त्यात ऊन धरलेलं नाही, हेही लक्षात ठेवा. साडेसातनंतर सावली नसलेला रस्ता असेल तर आणखी थोडं सोडा. अंगाने जड असलेल्यांनी आणि पुण्या-नाशिकहून येणाऱ्यांनी तक्त्याची वरची मर्यादा धरावी.

आता पाणी. पाणी जास्त प्यायलं म्हणून दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे वेग कमी करायला पाणी हा पर्याय नाही. किती प्यायचं ते आपल्या घामावरून काढा. उद्याच एक तास रेसच्या वेगाने धावा. आधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. आपल्या गटातल्या एका ताईंचं वजन 62.4 वरून 61.5 झालं, मध्ये 300 मिली पाणी प्यायल्या होत्या. म्हणजे तासाला 1.2 लिटर घाम. रेसमध्ये अडीच लिटर जाईल. तो सगळा भरून काढायचा नाही. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत घट बहुतेकांना चालते, त्यांच्यासाठी ती सव्वा लिटर. उरलेलं सव्वा लिटर वाटेत: दर पंधरा मिनिटांनी साधारण दीडशे मिली, म्हणजे मोठे तीन-चार घोट. तहान नसेल तर कमी.

जास्त पिणं धोक्याचं आहे. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्के लोकांचं सोडियम गरजेपेक्षा खाली निघालं. शर्यतीत पाणी जास्त पिऊन वजन वाढलेल्यांना हा धोका जास्त होता. म्हणून प्रत्येक स्टॉलवर ग्लास रिकामा करायची सवय सोडा. ओआरएसची पुडी वापरायची तर ती पूर्ण एक लिटरमध्येच विरघळवा. पण तेही पाणीच आहे, प्रमाण तेच. राहिलेलं पाणी डोक्यावर, मानेवर ओता.

आणि धावताना शेजाऱ्याकडे लक्ष ठेवा. काटा येणं, थंडी वाजणं, डोकं गरगरणं, यांतलं काही दिसलं तर त्याला थांबवा. नाव विचारा, कितवा किलोमीटर चाललाय ते विचारा. उत्तर भलतंच आलं तर त्याला पाणी पाजत बसू नका. सावलीत आडवं करा, अंगावर बर्फाचं पाणी ओतत राहा, आणि कोणाला तरी ॲम्ब्युलन्सकडे पळवा.