वाटपाच्या दाव्यात बहीण का लागते आणि सोसायटी का लागत नाही

(कोल्हापुरात नवोदित वकिलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, दावा दाखल करण्यापूर्वी पक्षकारांची यादी करताना आपण बहुधा अशिलाला विचारतो, “समोर कोण कोण आहे?” अशील ज्यांच्याशी त्याचे भांडण आहे त्यांची नावे सांगतो आणि आपण ती लिहून घेतो. मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 1 ला अशिलाचे वैर कोणाशी आहे याच्याशी कर्तव्य नाही. आपण जी दाद मागतो, ती देताना न्यायालयाला कोणाच्या हक्काला हात लावावाच लागेल, हे तिथे पाहिले जाते.

आज मी एकच दावा तुमच्यापुढे उलगडून ठेवतो. उदाहरण रचलेले आहे, पण असे दावे आपल्या कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात रोज चालतात. करवीर तालुक्यातील 4 एकर, म्हणजे 160 गुंठे, वडिलोपार्जित ऊसशेती आहे. वडील 2012 साली वारले. मागे आई, दोन मुलगे आणि लग्न होऊन सांगलीला गेलेली मुलगी. सातबाऱ्यावर दोन्ही भावांची आणि आईची नावे आहेत. बहिणीचे नाव वारस फेरफाराने लागले होते, पण पुढे तिने साध्या कागदावर दिलेल्या हक्कसोडीच्या अर्जावरून ते कमी झाले. थोरल्या भावाने शेजाऱ्याला 20 गुंठे विकले आहेत आणि सगळ्या गटावर विकास सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा आहे. धाकटा भाऊ वाटप मागतो आणि प्रतिवादी म्हणून फक्त थोरल्या भावाचे नाव देतो.

आता हिश्श्यांचा हिशेब करू. वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटप झाले असे कल्पून वडील, आई, दोन मुलगे आणि मुलगी यांना प्रत्येकी एक पंचमांश मिळतो, आणि वडिलांचा पंचमांश पुन्हा चौघा वारसांत समान विभागला जातो. म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा एक चतुर्थांश, 40 गुंठे. बहीण बाजूला ठेवून हाच हिशेब केला तर प्रत्येकी सव्वात्रेपन्न गुंठ्यांच्या आसपास जमीन येते. बहिणीच्या गैरहजेरीचा दोष नेमका इथे आहे. तिच्यावाचून न्यायालयाला वादीचा हिस्साच खरा ठरवता येत नाही, आणि जो हुकूमनामा होईल तो तिच्यावर बंधनकारक नसल्यामुळे उद्या तिने वेगळा दावा आणला की सगळे वाटप पुन्हा उकलावे लागेल. ज्याच्याशिवाय परिणामकारक आदेश करताच येत नाही, तो आवश्यक पक्षकार. उदित नारायण सिंह मालपहारिया या 1963 च्या अहवालात छापलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी मांडली आणि तिथेच योग्य पक्षकाराचीही व्याख्या केली: ज्याच्याशिवाय आदेश होऊ शकतो, पण वादातील सगळे प्रश्न पूर्णपणे निकाली काढायला ज्याची उपस्थिती लागते, तो योग्य पक्षकार.

“पण तिने हक्क सोडला आहे ना?” असे अशील म्हणेल. तेव्हा कागद हातात घेऊन पाहा. स्थावरातील हिस्सा सोडल्याचा दस्त नोंदणीकृत नसेल, तर तलाठ्याकडे दिलेल्या अर्जाने आणि फेरफाराने तिची मालकी जात नाही, आणि ती आवश्यक पक्षकारच राहते. हक्कसोडपत्र रीतसर नोंदलेले आणि निर्विवाद असेल, तर तिच्या हिश्श्याचा प्रश्न उरत नाही. तरीही त्या दस्ताला पुढे आव्हान मिळण्याची शक्यता दिसली, तर मी तिला प्रतिवादी करीनच. “बहीण दाव्यावर सही करायला येत नाही” ही अडचण तर खरी अडचणच नव्हे. सही लागते ती वादीची. जी सहवारस वादी होत नाही तिला प्रतिवादी करावे. वाटपाच्या दाव्यात प्रतिवादीलाही आपला हिस्सा वेगळा मागता येतो. आईलाही हेच लागू आहे.

सोसायटीचे तसे नाही. बोजा जमिनीबरोबर जातो; सोसायटी हजर असो वा नसो, 40 गुंठ्यांचा हिशेब बदलत नाही. तिला योग्य पक्षकार म्हणून जोडता येईल, पण न जोडल्याने दावा बुडत नाही. वीस गुंठे घेणारा शेजारी या दोघांच्या मध्ये उभा आहे, आणि त्याची जागा आपल्या मागणीवरून ठरते. विक्री आपल्यावर बंधनकारक नाही असे जाहीर करून मागत असाल, तर तो आवश्यक. फक्त वाटप मागत असाल आणि ते वीस गुंठे थोरल्याच्याच हिश्श्यात टाकायला तुमची हरकत नसेल, तर तो योग्य पक्षकार, कारण कोणता तुकडा कोणाच्या वाट्याला जाणार यात त्याचा जीव अडकलेला असतो. माझ्या मते त्याला नेहमीच जोडावे.

चूक झाली तर काय? आदेश 1 नियम 9 सांगतो की पक्षकार कमी किंवा जास्त असल्याने दावा हाणून पाडला जाणार नाही. पण 1976 च्या दुरुस्तीने जोडलेले परंतुक आवश्यक पक्षकाराला या संरक्षणातून वगळते. प्रतिवादीने कैफियतीत बहिणीचे नाव घेतले, तर त्याच आठवड्यात नियम 10 खाली अर्ज द्या. कनकरत्नम्माळ खटल्यात वादी महिलेने हाच धोका पत्करला. मिळकत आईची होती हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, पण मग भाऊही वारस ठरत होते. ते पक्षकार नव्हते, हरकत आधीच घेतलेली होती, आणि दावा गेला. उशिरा जोडण्यात आणखी एक अडचण आहे. मुदत कायद्याच्या कलम 21 प्रमाणे नव्या पक्षकारापुरता दावा तो जोडला त्या दिवशी दाखल झाला असे धरतात. चूक सद्हेतूने झाली असेल तरच न्यायालय आधीची तारीख देऊ शकते.

आता आवश्यक आणि योग्य यांच्या पलीकडचा प्रश्न: माणसेच फार असतील तर? समजा, एका पाणंदीवरून साठेक शेतकरी ऊस बाहेर काढतात आणि दोघांनी ती नांगरून टाकली. चार शेतकऱ्यांनी केवळ स्वतःचा वहिवाटीचा हक्क मागितला, तर बाकीचे छप्पन्न आवश्यक पक्षकार नाहीत, कारण त्या चौघांचा हक्क त्यांच्यावाचूनही ठरतो. मात्र निकालही चौघांपुरताच राहतो. सगळ्यांसाठी निकाल हवा असेल, तर नियम 8 खाली न्यायालयाची परवानगी घेऊन प्रातिनिधिक दावा आणावा लागतो. हितसंबंध समान असला म्हणजे पुरे. प्रत्येकाचे दाव्याचे कारण एकच असावे लागत नाही. नोटीस वादीच्या खर्चाने प्रत्येकाला द्यायची, आणि संख्येमुळे ते जमत नसेल तर न्यायालय सांगेल तशी जाहीर प्रसिद्धी करायची. परवानगी आणि नोटीस यांपैकी काही राहिले, तर शीर्षकात “स्वतःकरिता व इतरांकरिता” असे लिहूनही त्या छप्पन्न जणांवर हुकूमनामा बंधनकारक होत नाही.

आणि ती बंधनकारकता दोन्ही बाजूंनी असते: चौघे हरले तर साठही हरतात. म्हणून नियम 8 मध्ये कोणालाही स्वतः पक्षकार होण्यासाठी अर्ज करता येतो, चौघे ढिलाई करू लागले तर न्यायालय दुसऱ्यांना त्यांच्या जागी आणू शकते, आणि सर्वांना नोटीस दिल्याशिवाय दावा काढून घेता येत नाही की तडजोड नोंदवता येत नाही. आदेश 23 नियम 3-ब प्रमाणे तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय केलेली तडजोड शून्यवत ठरते. चौघांपैकी एकाला समोरच्याने बांधावरून वेगळी वाट दिली आणि त्याने तुमच्या कार्यालयात येऊन “आता मिटवू या” म्हटले, तर त्याच्या हातातील पुरसीस स्वीकारण्याआधी उरलेल्या सगळ्यांच्या नोटिसांचा मसुदा काढायला बसा.