गिरणीवरची पाटी आणि आपलं स्टेटस पेज

मंडळी, क्लाउड बंद पडल्यावर स्टेटस पेजवर काय लिहायचं हा आजचा विषय, पण मी सुरुवात पंचवटीतल्या एका पिठाच्या गिरणीपासून करणार आहे. जे फक्त टेक्निकल ऐकायला आलेत त्यांनी पाच मिनिटं मोबाइल बघितला तरी चालेल, नाहीतरी बघताच आहात.

मी आठवी-नववीत असेन. दळणाचा डबा सायकलला बांधून गेलो तर गिरणीचं शटर अर्धं खाली आणि बाहेर शाळेतली असते तशी दगडी पाटी टांगलेली. खडूनं लिहिलेलं, "मोटार जळाली. गहू, बाजरी बंद. मिरची कांडप चालू. ठेवलेले डबे आत नीट आहेत. घाई असेल त्यांनी डबा न्यावा, मागच्या गल्लीतल्या गिरणीत आज दळून मिळेल, विचारून ठेवलंय. पुढचं ५ वाजता लिहीन." आईनं पाचला परत पिटाळलं म्हणून गेलो, तर नवीन मजकूर: "मोटार वाइंडिंगला दिली. अजून आली नाही. पुढचं ८ वाजता." म्हणजे बघा, सांगण्यासारखं काहीच नव्हतं तरी काकांनी पाचला लिहिलं, आणि कुणी त्यांच्याशी भांडत नव्हतं. शेजारच्या दुकानावर पाटी होती "थोड्या वेळात येतो". कधीपासूनचा थोडा वेळ हो? (हशा) तिथे मात्र रांगेत मारामारी व्हायची बाकी होती.

बरं, आयोजक घड्याळ दाखवतायत, मला दिसतंय. आता आमची फजिती.

आमचं सॉफ्टवेअर द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये चालतं. शेतकऱ्याचा माल आला की काट्यावर वजन, वजनाची पावती, त्यावरून पेमेंट. ऐन सीझन, पिंपळगाव, दिंडोरीकडच्या गाड्या लागलेल्या, आणि १०:५० ला आमच्या क्लाउडवाल्याच्या एका झोनमध्ये डिस्क मंदावली. आम्ही स्टेटस पेजवर पहिली ओळ टाकली ११:४० ला, आणि ती काय होती तर, "काही ग्राहकांना डेटाबेस लेटन्सीमुळे तांत्रिक अडचणी येऊ शकतात. आमची टीम त्यावर काम करत आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व." ही ओळ मीच लिहिली होती, म्हणून हक्कानं शिव्या घालतोय. काट्यावर उभ्या असलेल्या पोराला लेटन्सी काय माहीत, त्याला एवढंच कळायला हवं की मी आता पावती करू का नको. आणि "येऊ शकतात" काय, आलेल्याच होत्या की!

त्या पोरानं काय केलं, सेव्ह दाबलं, गोल गोल फिरलं, एरर आला, परत दाबलं, परत एरर, तिसऱ्यांदा दाबलं. आता इथे नीट ऐका. टाइमआउट म्हणजे सेव्ह झालं नाही असं नसतं, टाइमआउट म्हणजे सेव्ह झालं का नाही हे मोबाइलला कळलं नाही. डिस्क मंद होती, बंद नव्हती, त्यामुळे उत्तर वेळेत आलं नाही पण पावती मागे जाऊन बसली, तीनही वेळा. एका शेतकऱ्याचे ३८ क्रेट आले होते, आमच्या हिशोबात झाले ११४. तो शेतकरी फारच खूश होता. (हशा) पॅकहाऊसचे शेठ नव्हते.

म्हणजे आम्ही सांगायला हवं होतं सगळ्यात आधी काय, तर सेव्ह परत दाबू नका. दुपारी शहाणपण आल्यावर असं लिहिलं:

"दुपारी १२:३०. सकाळी १०:५० पासून नवीन वजनाची पावती सेव्ह करताना एरर येतोय. जुन्या पावत्या दिसतात, प्रिंटही निघते. एरर आला तरी सेव्ह परत दाबू नका, पावती दोनदा नोंदली जाऊ शकते. तोपर्यंत वजन छापील पावतीबुकात लिहा, आम्ही सांगू तेव्हा एकदाच एंट्री करा. १०:५० नंतरच्या पावत्यांवरून पेमेंट सोडू नका, त्या आम्ही तपासतोय. कारण क्लाउड कंपनीच्या स्टोरेजमधला बिघाड, दुरुस्तीची वेळ अजून सांगता येत नाही. पुढची माहिती दुपारी १:०० वाजता, नवीन काही नसलं तरी."

फोन लगेच थांबले नाहीत, पण प्रश्न बदलले. आधी "काय झालंय" विचारत होते, नंतर "पावतीबुक संपलं, वही चालेल का". यात "डेटा सुरक्षित आहे" असं आम्ही लिहिलं नाही, कारण तेव्हा आम्हालाच माहीत नव्हतं. आणि पावतीबुकाचं लिहायच्या आधी दोन पॅकहाऊसना फोन करून विचारलं की बुक आहे ना. काकांचं "विचारून ठेवलंय" म्हणजे हेच. आमच्यातला एक जण म्हणत होता मोबाइल ॲपचा ऑफलाइन मोड सांगू, तो चालवून बघितला तर नेट आल्याबरोबर आपोआप सेव्ह मारायला लागतो, म्हणजे आगीत तेलच!

पाटी कुठे टांगायची हेही महत्त्वाचं. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनची एस-थ्री स्टोरेज सेवा व्हर्जिनियात कोसळली, कमांडमधली एक टायपिंगची चूक, हवे त्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले. गंमत पुढे आहे, त्यांच्या स्टेटस पेजचं ॲडमिन कन्सोल त्याच एस-थ्रीवर अवलंबून, त्यामुळे साधारण दोन तास पेजवर सेवांचं स्टेटस बदलताच येईना, ट्विटरवरून सांगावं लागलं. पाटी गिरणीच्या मोटारीला जोडलेली! तुमचं पेज दुसऱ्या कंपनीकडे असेल पण त्याचं लॉगिन तुमच्याच बंद पडलेल्या सिस्टीममधून होत असेल तर तेच. एकदा मुद्दाम लॉगिन बंद करून बघा, पोस्ट टाकता येते का ते.

आता चिठ्ठी आली, दोन मिनिटं. खरं तर पुढच्या निरोपाच्या वेळेवरच बोलायचं होतं, ते राहिलं, पटापट सांगतो. "अर्ध्या तासात" लिहू नका, घड्याळातली वेळ लिहा, कारण वाचणारा पोस्ट कधी उघडेल माहीत नाही, त्याचा अर्धा तास वेगळा, तुमचा वेगळा. ही वेळ पुढच्या निरोपाची, दुरुस्तीची नाही, दोन्ही एका वाक्यात आले की लोक एकच समजतात. आम्ही सुरुवातीला दर अर्ध्या तासानं लिहिलं, काम लांबणार दिसल्यावर तासानं, पण तसं आधी सांगून. लिहिणारा माणूस वेगळा ठेवा, दुरुस्ती करणाऱ्याला वेळेचं भान नसतं, आमच्याकडे अकाउंट्सच्या ताईंनी अलार्म लावून हे काम केलं आणि इंजिनिअरपेक्षा बरं केलं.

आणि एरर थांबले की लगेच "रिझॉल्व्ह्ड" करू नका. आमचे एरर ३:१५ ला थांबले, पण आम्ही "मॉनिटरिंग" ठेवलं, कारण वहीतल्या पावत्या सगळे एकदम भरायला लागले की लोड परत चढतो. म्हणून पॅकहाऊसना एकेक तास वाटून दिला, दुहेरी वाटणाऱ्या पावत्या स्क्रीनवर पिवळ्या केल्या, आणि त्या शेठ लोकांनी तपासून झाल्यावर रात्री ९ ला "रिझॉल्व्ह्ड" केलं. मोबाइलवरच प्रत्येक पावतीला आधी एक नंबर द्यायचा, म्हणजे तीच परत आली तर सर्व्हर ओळखेल, हे आम्ही नंतर केलं, त्यावर वेगळं बोलावं लागेल... हो हो, थांबतो. ते ३८ क्रेटवाले शेतकरी? त्यांनीच दुसऱ्या दिवशी फोन केला, म्हणे बाकीचे ७६ क्रेट कधी घेऊन येऊ.